‘पाहिजे’ची गोष्ट

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत चहाच्या टपरीशेजारी एक भिंत आहे. तिच्यावर दर सोमवारी नवे कागद चिकटतात आणि शनिवारपर्यंत त्यांचे कोपरे फाटून लोंबायला लागतात. हेल्पर पाहिजे, टर्नर पाहिजे, पॅकिंगसाठी मुली पाहिजेत. १९८०च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने चारकोपचे सेक्टर आखले, लहान लहान भूखंडांवर लोकांनी आपापली घरं उभी केली. त्या घरांतली कित्येक माणसं आजही पगाराची वाट या भिंतीवरूनच शोधतात.

आमच्या ओळखीच्या एका काकांचा इथेच पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा गाळा आहे. गेल्या महिन्यात ते एक कागद घेऊन घरी आले. ‘‘तुम्ही लिहिता ना, जरा शुद्धलेखन बघा,’’ म्हणाले. त्यांच्यामागून सूनबाई आल्या. गाळ्याचा हिशेब त्याच सांभाळतात. त्या म्हणाल्या, ‘‘शुद्धलेखन ठीक आहे हो. पण हा कागद असा लावायचा नाही, एवढं बाबांना समजावा.’’

कागदावर असं होतं:

पाहिजेत. पॅकिंगसाठी मुली. पंचिंग मशीनवर अनुभवी कारागीर (पुरुष). डिलिव्हरी बॉय, स्वतःची बाईक असलेला. ऑफिससाठी हुशार, बोलकी मुलगी. उमेदवार प्रामाणिक व कष्टाळू असावा. जो लगेच कामावर येऊ शकतो त्याने मालकांना भेटावे.

काकांचं म्हणणं साधं होतं. वर्षानुवर्षं सगळे असंच लिहितात. सूनबाईंचं म्हणणंही साधंच होतं. पंचिंग मशीनवर जो अनुभवी कारागीर होता तो गावी गेल्यापासून तीन आठवडे पॅकिंगमधल्याच एक ताई ते मशीन चालवत होत्या. मग कंसातला तो ‘पुरुष’ कशाला? शिवाय कायद्यातही ते बसत नाही. १९७६च्या समान वेतन कायद्याचं पाचवं कलम सांगत होतं की एकाच प्रकारच्या कामासाठी भरती करताना स्त्री म्हणून डावलायचं नाही. अपवाद फक्त कायद्यानेच स्त्रियांना मनाई किंवा मर्यादा घातलेल्या कामांचा. तो कायदा पुढे २०१९च्या वेतन संहितेत विलीन झाला, पण हा नियम तिथेही आहे.

कंसातला ‘पुरुष’ खोडणं सोपं होतं. खरी गंमत त्यानंतर सुरू झाली.

पहिला प्रयत्न मी तिरक्या रेघांनी केला. मुले/मुली, बॉय/गर्ल, असलेला/असलेली, मुलगा/मुलगी, बोलका/बोलकी, असावा/असावी, जो/जी, शकतो/शकते, त्याने/तिने. सहा ओळींच्या कागदात नऊ रेघा झाल्या. काकांनी तो मोठ्याने वाचायला घेतला आणि तिसऱ्या रेघेला अडखळून थांबले. ‘‘ही जाहिरात आहे की कुंपण?’’ त्यांचं खरं होतं. शिवाय या कुंपणाला दोनच फाटकं. स्वतःला ‘तो’ही न म्हणवणारं आणि ‘ती’ही न म्हणवणारं कोणी आलं तर ते बाहेरच. हा प्रश्न कागदी नाही. २०२२ साली महाराष्ट्राच्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री असे दोनच पर्याय होते, म्हणून तृतीयपंथी उमेदवारांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावं लागलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अर्जात तिसरा पर्याय आला.

रेघा खोडल्या आणि कागद पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला. पहिला शब्द होता ‘पाहिजेत’. आणि तिथेच नजर अडली. लिंग न सांगणारं क्रियापद कागदाच्या सुरुवातीलाच होतं!

‘मुलगा हवा’, ‘मुलगी हवी’, ‘मूल हवं’. पण ‘मुलगा पाहिजे’, ‘मुलगी पाहिजे’, ‘मूल पाहिजे’. अर्थ तोच, पण ‘हवा’ हा शब्द समोरच्याचं लिंग पाहून रूप बदलतो आणि ‘पाहिजे’ ढिम्म हलत नाही. फार तर एकाचे अनेक झाले की शेवटी ‘त’ लावून घेतो. असं का व्हावं?

उत्तर हजारेक वर्षं मागे नेतं. ‘पाहिजे’ हा मुळात ‘पाहणे’चाच एक जुना आकार आहे. संस्कृतात ‘केलं जातं’ अशा अर्थासाठी ‘क्रियते’सारखी रूपं होती. प्राकृतात त्यांचा शेवट ‘इज्जइ’ झाला आणि जुन्या मराठीत ‘इजे’. ज्ञानेश्वरीत ‘कीजे’, ‘म्हणिजे’ अशी रूपं ठायी ठायी भेटतात. कीजे म्हणजे केलं जावं, म्हणिजे म्हणजे म्हटलं जातं. आणि पाहिजे म्हणजे पाहिलं जातं, ज्याची वाट पाहिली जाते ते. तो सगळा कारखाना कधीच बंद पडला. रोजच्या बोलण्यात त्याची दोनच यंत्रं चालू राहिली: एक ‘पाहिजे’ आणि दुसरं ‘म्हणजे’. दुकानात ‘काय पाहिजे?’ असं विचारताना आपण तेराव्या शतकातलं व्याकरण वापरत असतो, आणि त्या ‘इजे’च्या रूपांत क्रियापदाने लिंग सांगायची चालच नव्हती.

हे एकदा कळलं की मराठी क्रियापदांचा सबंध पसारा दोन घराण्यांत वाटलेला दिसू लागतो. संस्कृतात ‘गच्छति’ म्हटलं तर जाणारा पुरुष की स्त्री ते कळत नाही. ‘गतः’ आणि ‘गता’ म्हटलं की कळतं, कारण ती क्रियापदं नव्हेत, क्रियापदांपासून बनवलेली विशेषणं आहेत, आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं. मराठीची काही रूपं ‘गच्छति’च्या घराण्यातून आली आहेत आणि काही ‘गतः’च्या. ‘करतो, करते’, ‘गेला, गेली’, ‘असावा, असावी’ ही सगळी विशेषणाच्या घराण्यातली. लिंगाचा शिक्का त्यांच्या कपाळावर जन्मतः असतो. उलट ‘देव तारी त्याला कोण मारी’ यातलं ‘तारी’ आणि ‘मारी’ पाहा. देवाच्या जागी देवी घातली तरी अक्षर हलत नाही. ‘करी’ला पुढे ‘ल’ जोडून ‘करील’ झालं, म्हणून भविष्यकाळातही ‘तो करील, ती करील’. ‘आहे’, ‘असेल’, ‘नाही’, ‘नको’, आणि आज्ञार्थातलं ‘करा, या, भेटा’ ही सगळी याच बाजूची.

म्हणजे लिंग न सांगणारी जाहिरात लिहायला नवी मराठी घडवावी लागत नाही. घरात कुठल्या खोलीत काय ठेवलंय ते आठवावं लागतं, एवढंच.

काकांच्या कागदावर हे करून पाहू. ‘जो लगेच कामावर येऊ शकतो त्याने भेटावे’ या वाक्यात तीन जागी पुरुष आहे: जो, शकतो, त्याने. यातलं ‘भेटावे’ मात्र निर्दोष आहे. ‘तिने मालकांना भेटावे’ हेही तसंच होतं. आता इथे ‘तुम्ही’ आणून बघा. मराठीत ‘तो आला’ आणि ‘ती आली’ वेगळे, पण ‘तुम्ही आलात’ हे सगळ्यांना सारखं. ‘तुम्ही करता’, ‘तुम्ही याल’ हेही तसंच. ‘तुम्ही’ म्हणून मान दिला की अशी क्रियापदं लिंग विसरतात! म्हणून: ‘लगेच कामाला येणार असाल तर भेटा.’ सबंध वाक्यात एकही शिक्का नाही. यातलं ‘येणार’ हे फसवं आहे, ते जपून वापरायला हवं. ‘येणार आहे’ मधलं ‘येणार’ लिंग सांगत नाही, पण त्याला काना लागून ‘येणारा’ झालं की लगेच ‘येणारी’ बाजूला उभी राहते.

मान द्यायचा नसेल, कागद सरकारी थाटातच हवा असेल, तर दुसरी खोली आहे. ‘येणारा’ आणि ‘येणारी’ वेगळे असले तरी अनेकवचनाला प्रत्यय लागला की दोघांचं रूप एकच होतं: ‘येणाऱ्यांनी’, ‘येणाऱ्यांना’. ‘जो’ आणि ‘जी’ वेगळे, पण ‘ज्यांना’, ‘ज्यांची’ एक. ‘ते’ आणि ‘त्या’ वेगळे, ‘त्यांनी’ एकच. ‘लगेच रुजू होणाऱ्यांना प्राधान्य’ हे वाक्य सरकारी जाहिरातींत आपण इतकं वाचलेलं असतं की त्याची करामत लक्षातच येत नाही.

‘उमेदवार प्रामाणिक व कष्टाळू असावा’ इथे मी स्वतः एकदा घसरण्याच्या बेतात होतो की होते, ते तुम्हीच ठरवा. ‘असावा’चं ‘असावेत’ केलं की काम भागेल असं वाटलं. अनेकवचन, आदरार्थी, सगळ्यांसाठी. पण नाही. ‘त्या असाव्यात’ म्हणून पाहिलं आणि चूक कळली. ‘असावेत’ हे पुरुषांचंच अनेकवचन आहे. मग ‘उमेदवारांनी अर्ज करावेत’ कसं चालतं? तिथेही ‘वेत’च आहे की. चालतं, कारण ‘करावेत’ उमेदवारांचं ऐकतच नाही, ते अर्जांचं ऐकतं. अर्जाऐवजी नोंदणी असती तर ‘करावी’ झालं असतं, मग उमेदवार कोणीही असोत. शेवट सारखा दिसला तरी मालक वेगळा. क्रियापद कोणाच्या हुकमात आहे हे ओळखायची युक्ती एकच: कर्त्याच्या जागी एकदा भाऊ घाला, एकदा बहीण, आणि वाक्य मोठ्याने म्हणा. शेपूट हललं तर ते कर्त्याचं आहे. डोळ्यांनी वाचून हे पकडता येत नाही, कानाला लगेच खटकतं.

विशेषणांचंही तसंच. ‘प्रामाणिक’, ‘कष्टाळू’, ‘होतकरू’, ‘अनुभवी’, ‘हुशार’ हे कुणालाही लागतात. काना असलेले ‘चांगला’, ‘बोलका’, ‘तरबेज असलेला’ हे लागत नाहीत. काकांना ‘बोलकी’ हा शब्द सोडवेना. ‘बोलकी म्हणजे काय हवंय तुम्हाला?’ असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, ‘‘अहो, गिऱ्हाइकाचा फोन आला तर नीट उत्तर देता आलं पाहिजे.’’ तेच लिहिलं: ‘फोनवर नीट बोलता आलं पाहिजे.’ मराठीला ही सोय फार मोठी आहे. ‘मला येतं’, ‘तिला जमतं’, ‘त्याला चालवता येतं’ अशा वाक्यांत माणूस बाजूला सरकतो आणि क्रियापद कामाकडे बघतं. माणूस कसा असावा किंवा कशी असावी हे लिहिण्यापेक्षा काय करता आलं पाहिजे हे लिहिलं की लिंगही गळतं आणि जाहिरातही नेमकी होते. ‘बोलकी’ मुलगी येऊन बसली असती आणि हिशेबाची वही बघून गप्प झाली असती, तर काय केलं असतं काकांनी?

उरली पदांची नावं. इथे नाही म्हटलं तरी भाषेत गोंधळ आहे. शिक्षक-शिक्षिका, सेवक-सेविका या संस्कृत जोड्या चटकन जमतात, म्हणून लगेच डोळ्यांत येतात. फारसीतून आलेल्या शब्दांना ही सवय नव्हती, कारण फारसी भाषेत व्याकरणातलं लिंगच नाही. कामगार, कारागीर, मदतनीस हे शब्द कुणालाही लागतात. ‘मदतनीस’मधला ‘नीस’ चिटणीस-फडणीसमधलाच, मुळात ‘लिहिणारा’ या अर्थाचा. पेशव्यांच्या फडावरून तो अंगणवाडीत आला. आणि तिथेच शब्दाची मर्यादाही दिसते: अंगणवाडीत ‘सेविका’ आणि ‘मदतनीस’ अशी दोन पदं आहेत, त्यातल्या एका नावात स्त्री आहे, दुसऱ्यात नाही, आणि दोन्हीवर नेमणूक स्त्रियांचीच होते.

इंग्रजीतून आलेल्या नावांनी बॉय, गर्ल, मॅन हे सामान सोबत आणलं. साताऱ्याच्या सुरेखा यादव आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. २०११च्या महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली. त्यांच्यासारख्या स्त्रिया लोकल चालवू लागल्यावर वर्तमानपत्रांपुढे पेच आला: मोटरमन म्हणायचं की मोटरवुमन? रेल्वेकडे ‘लोको पायलट’ हा शब्द होता, आणि पायलटला मराठी कानात लिंग नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा ‘पती’ शब्दावर चर्चा रंगली होती. शेवटी शब्द तोच राहिला आणि कानांनीच सवय करून घेतली. माझं मत असं की नावाशी फार झुंजू नये, कामाचं नाव घ्यावं. डिलिव्हरी बॉय-गर्ल-पर्सन यातलं काहीच नको. ‘माल पोचवण्यासाठी’ म्हटलं की संपलं. ‘ण्यासाठी’ या शेवटाला लिंग नसतं.

पण ‘पोचवण्यासाठी’ कोण? वाक्यात एक तरी नाम पाहिजे ना? ‘व्यक्ती’ हा कार्यालयीन शब्द आहे. व्याकरणात स्त्रीलिंगी, अर्थाने कुणीही. भिंतीवरच्या कागदावर तो कोट घातल्यासारखा दिसतो. इथे मराठीचं तिसरं लिंग कामाला आलं. ‘माणूस’ हा शब्द पुल्लिंगी आहे असं शाळेत शिकवतात, पण ‘आपला माणूस’ आणि ‘आपलं माणूस’ यांतला फरक प्रत्येकाला कळतो. ‘आपलं माणूस’मध्ये आजीही बसते. ‘बाईमाणूस’ तर नपुंसकलिंगीच चालतं. आणि अनेकवचनात ‘माणसं’ म्हटलं की बाया, पुरुष सगळे एकत्र: ‘ती माणसं आली’. मिश्र घोळक्याला मराठी नपुंसकलिंगात घालते, पुरुषांत नाही. तिसरं लिंग सगळीकडे इतकं उदार असतं असं मात्र नाही. मालवणीत ‘झील’ पुल्लिंगी आणि ‘चेडू’ नपुंसकलिंगी असतं, म्हणजे तिथे ते लिंग मुलगीच दाखवतं. चारकोपात कोकणातली घरं बरीच आहेत, तेव्हा हे ध्यानात ठेवलेलं बरं.

कच्चा कागद तयार झाला. सूनबाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, ‘‘‘माणसं पाहिजेत’ वाचून पॅकिंगवाल्या ताई मशीनसाठी विचारायला येतील, असं वाटतं तुम्हाला?’’

उत्तर देता आलं नाही. कारण हा प्रश्न तपासून पाहिलेला आहे, आणि सूनबाईंच्या बाजूने. १९७३ साली अमेरिकेत सँड्रा आणि डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने टेलिफोन कंपनीच्या नोकरीच्या जाहिराती शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलामुलींना वाचायला दिल्या. खांबावर चढून तारा जोडायचं वगैरे काम पुरुषी शब्दांत मांडलं तेव्हा त्यात रस दाखवणाऱ्या मुली शंभरात ५ होत्या. तीच जाहिरात लिंग न सांगणाऱ्या शब्दांत लिहिली तेव्हा २५. आणि मुलींना उद्देशून लिहिली तेव्हा ४५. पहिल्या दोन आकड्यांतलं अंतर शब्दांनी कमावलेलं आहे. पण दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं अंतर सांगतं की दार उघडं ठेवणं वेगळं आणि ‘या’ म्हणणं वेगळं. शतकभर ज्या कामाला ‘कारागीर (पुरुष)’ असं लिहिलं गेलं, तिथे कंस पुसला तरी वाचणारीच्या डोळ्यांपुढे तो उरतोच.

म्हणून व्याकरणाची एवढी कसरत करून झाल्यावर शेवटी एक ओळ मुद्दाम लिंग सांगणारी घातली. काकांना हे विचित्र वाटलं. ‘‘आधी काढलंत, आता घालताय?’’ पण आधीचं लिंग कुणाला तरी बाहेर ठेवत होतं आणि हे आत बोलावतंय. भिंतीवर लावायला तयार झालेला कागद असा:

पाहिजेत. खोके पॅक करण्यासाठी, पंचिंग मशीन चालवण्यासाठी, माल पोचवण्यासाठी आणि ऑफिसात फोन व हिशेब सांभाळण्यासाठी प्रामाणिक, कष्टाळू माणसं. मशीनच्या कामाचा अनुभव असल्यास उत्तम, नसल्यास शिकवू. माल पोचवायला स्वतःची दुचाकी पाहिजे. ऑफिसच्या कामाला फोनवर नीट बोलता आलं पाहिजे. चारही कामं सगळ्यांसाठी आहेत. महिला आणि तृतीयपंथी यांनी मशीनच्या कामासाठीही जरूर विचारावं. लगेच कामाला येणार असाल तर सकाळी ११ ते १ या वेळात मालकांना भेटा.

‘अनुभवी कारागीर’चं ‘नसल्यास शिकवू’ कसं झालं ते विचारू नका. ती सूनबाई आणि काका यांच्यातली वेगळी वाटाघाट होती.

कागद लावायला सूनबाईच गेल्या. टपरीपाशी उभ्या राहून डिंकाची बाटली उघडली, कागद भिंतीला टेकवला, आणि एकदम परत फिरल्या. गाळ्यात येऊन त्यांनी पेन मागितलं. ‘‘सकाळी ११ ते १ ऑफिसात कोण बसतं?’’ त्यांनी काकांना विचारलं. काका त्या वेळात पार्टीकडे वसुलीला गेलेले असतात. सूनबाईंनी ‘मालकांना’ हा शब्द खोडून वर लिहिलं, ‘ऑफिसात’.